दृश्यांचा क्रम बदलल्यानंतर पटकथेत लोंबकळणारी सर्वनामे आणि तुटलेले संदर्भ कसे सांधावेत?

मृण्मयी_ल

नमस्कार. मी एका चित्रपटाच्या पटकथेचा तिसरा मसुदा लिहीत आहे. दिग्दर्शकांनी चर्चेनंतर एक बदल सुचवला: भावाबहिणीचे भांडण आधी यावे आणि पावती सापडण्याचा प्रसंग त्यानंतर यावा. बदल मलाही पटला आहे. मात्र दृश्य उचलून नव्या जागी ठेवल्यावर संवादांतले 'तो', 'ती', 'त्यांना', 'तेव्हा' नेमके कोणाकडे बोट दाखवतात, हे कळेनासे झाले आहे.

जुना क्रम असा होता. दृश्य ११, रात्र: नंदाला वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, ट्रंकेत पतसंस्थेच्या कर्जाची पावती सापडते. अण्णा शेजारच्या पलंगावर झोपलेले आहेत आणि प्रेक्षक त्यांना इथेच पहिल्यांदा पाहतो. दृश्य १३, सकाळ: शैलामावशी गावाहून राहायला येते. दृश्य १४, दिवस: स्वयंपाकघरात नंदा आणि सुधीर यांचे भांडण होते. नवा क्रम १३, १४ आणि मग ११ असा आहे. दृश्य १४ मधला संवाद देते:

सुधीर: ती अजून तुझ्याकडेच आहे ना?
नंदा: काल रात्रीच होती तिथे परत ठेवली.
सुधीर: तिला सांगितलंस?
नंदा: नाही. आणि त्यांना कळलं तर त्रास होईल.

दृश्य ११ ची सुरुवात "तो गेल्यावर ती दार लावून घेते" अशी आहे. दृश्य २१ मध्ये नंदा वकिलांना सांगते, "सुधीरला मी तेव्हाच दाखवली होती, तरी तो गप्प राहिला." अशी ठिकाणे पटकथेत आणखीही असणार. ती एकही न सुटता शोधण्याची आणि दुरुस्त करण्याची काही पद्धत आहे का?

वाटाड्या

माझ्या मते यावर सोपा आणि खात्रीचा उपाय आहे. पटकथेत जिथे जिथे सर्वनाम असेल, तिथे नाव घालावे. 'ती' काढून 'पावती', 'तिला' काढून 'शैलामावशीला', 'त्यांना' काढून 'अण्णांना' असे केले, की दृश्य कुठेही उचलून ठेवले तरी संदर्भ तुटणार नाही. मी माहितीपटांची निवेदने लिहितो, आणि तिथे हा नियम मी कसोशीने पाळतो, कारण संकलनात परिच्छेद हमखास इकडचे तिकडे होतात.

दृश्यांतर

वाटाड्या यांचा नियम पटकथेच्या निम्म्या भागाला तंतोतंत लागू पडतो आणि उरलेल्या निम्म्याला मारक ठरतो. म्हणून आधी तो भाग वेगळा करू.

पटकथेतली वर्णने प्रेक्षक कधीच वाचत नाही. ती कलादिग्दर्शन, वेशभूषा आणि दिग्दर्शनाचे सहाय्यक वाचतात, आणि तेही सलग नव्हे, तर ज्या दिवशी जे दृश्य चित्रित होणार त्या दिवशी त्या दृश्याची पाने तेवढी. त्यामुळे वर्णनात प्रत्येक दृश्य स्वतःच्या पायावर उभे राहिले पाहिजे. "तो गेल्यावर ती दार लावून घेते" या वाक्यातला 'तो' मूळ मसुद्यात दृश्य १० मधला कोणी असावा. आता दृश्य १४ नंतर हे वाक्य आले, की वाचणारा त्याचा अर्थ 'सुधीर' असाच घेणार, आणि सुधीरची भूमिका करणाऱ्या नटाला त्या रात्री विनाकारण बोलावले जाईल. तेव्हा वर्णनाचे पहिले वाक्य कधीही सर्वनामाने सुरू करू नये, आणि पहिल्या उल्लेखाला नावच द्यावे. इथवर वाटाड्यांचे म्हणणे बरोबर आहे.

संवादात मात्र सख्खे भाऊबहीण एकमेकांशी बोलताना दर वाक्यात नावे घेत नाहीत. "पावती अजून तुझ्याकडेच आहे ना? शैलामावशीला सांगितलंस? अण्णांना कळलं तर त्रास होईल" असे त्यांनी बोलायला सुरुवात केली, तर ते प्रेक्षकाला ऐकवण्यासाठी बोलत आहेत हे लगेच जाणवते. शिवाय नाव घातल्याने वाक्य व्याकरणाने सुटते, पण प्रसंग सुटतोच असे नाही. तुमच्या नव्या क्रमात दृश्य १४ च्या वेळी पावती सापडली आहे की नाही? नाव घातले तरी हा प्रश्न तसाच राहतो, आणि मृण्मयीताई, माझा पहिला प्रश्न तुम्हाला हाच आहे. तुम्ही घटनांचा क्रम बदलला आहे, की घटना त्याच क्रमाने घडलेल्या असून फक्त सांगण्याचा क्रम बदलला आहे?

गोरेगावकर_सहा

क्रमांकांबाबत म्हणाल तर एक काळजी घ्या. पटकथेचे दृश्यक्रमांक एकदा कुलूपबंद झाले असतील, तर ११ ला उचलून १५ करू नका, नाहीतर पुढचे सगळे क्रमांक एकेकाने सरकतील आणि आधी वाटलेल्या सगळ्या याद्या चुकतील. जुन्या जागी '११ वगळले' एवढी ओळ ठेवून हलवलेल्या दृश्याला १४अ म्हणतात. बदललेली पाने निळ्या, मग गुलाबी, मग पिवळ्या कागदावर देण्याची पद्धतही त्यासाठीच आहे.

मृण्मयी_ल

गोरेगावकर, आभारी आहे. क्रमांक अजून कुलूपबंद झालेले नाहीत, आणि माझा प्रश्न क्रमांकांचा नसून संवादांतल्या संदर्भांचा आहे. तरी आपल्या लिहिण्यामुळे एक गोष्ट ध्यानात आली. दोन ठिकाणी मी वर्णनात "दृश्य ११ प्रमाणेच खोली" असे लिहिले आहे. तिथे क्रमांकाऐवजी "अण्णांची खोली, रात्र" असे लिहीन.

दृश्यांतर, आपल्या प्रश्नाचे उत्तर मला दिग्दर्शकांना विचारावे लागेल. 'आधी' आणि 'नंतर' हे शब्द आम्ही दोघांनीही वापरले, पण ते घटनांबद्दल होते की पडद्याबद्दल, हे स्पष्ट केले नव्हते.

कानामात्रा

शोधण्याच्या बाजूने थोडे लिहितो. मी पटकथा साध्या मजकुराच्या फाउंटन स्वरूपात ठेवतो, त्यामुळे आज्ञावलीने शोध घेता येतो. देवनागरीत एक अडचण येते, ती आधी सांगतो. शब्दाची सीमा दाखवणारी `\b` ही खूण अनेक ठिकाणी दगा देते. उदाहरणार्थ, पायथनच्या नेहमीच्या `re` मध्ये वेलांटी, काना, मात्रा यांची गणना अक्षरांत होत नाही, त्यामुळे `\bती\b` ला मोकळ्या जागांमधला 'ती' सापडतच नाही, आणि यादी रिकामी आली की माणसाला वाटते सगळे ठीक आहे. म्हणून मोकळी जागा आणि विरामचिन्हे स्वतःच सांगावीत:

```
grep -nE '(^| )(तो|ती|ते|त्याला|तिला|त्यांना|तिथे|तेव्हा|तेव्हाच|मघाशी|काल|परवा|पुन्हा|अजून)( |[,.?!]|$)' patkatha.fountain
```

यादीत सर्वनामांबरोबर 'पुन्हा' आणि 'अजून' मुद्दाम घातले आहेत. "पुन्हा आलास?" या वाक्यात सर्वनाम दिसत नाही, तरी तो माणूस आधी एकदा येऊन गेलेला आहे असे ते वाक्य गृहीत धरते, आणि ते पहिले येणे आता नंतरच्या दृश्यात गेले असेल तर वाक्य तुटलेच. 'परवा' तर दोन्हीकडे चालतो. "परवा गेलो होतो" आणि "परवा जाऊ" यांतला फरक केवळ क्रियापद सांगते, त्यामुळे प्रसंग मागेपुढे झाला की तिथे क्रियापदासह सगळे वाक्य तपासावे लागते.

दृश्यांतर

कानामात्रा यांची यादी उपयोगी आहे, विशेषतः 'पुन्हा' आणि 'अजून' यांचा मुद्दा. तिची मर्यादा मात्र मराठीच्या स्वभावातच आहे. आपण कर्ता सर्रास गाळतो. "आला होता, पण थांबला नाही" या वाक्यात शोधायला सर्वनामच नाही. मृण्मयीताईंच्या उताऱ्यात "काल रात्रीच होती तिथे परत ठेवली" हे तसेच वाक्य आहे. काय ठेवली? वस्तू स्त्रीलिंगी आहे, एवढेच 'ठेवली' हे रूप सांगते.

आता तो संवाद नव्या क्रमाने, पहिल्यांदाच ऐकणाऱ्या प्रेक्षकाच्या कानांनी वाचा. याच्या आधीच्या दृश्यात शैलामावशी पिशव्या घेऊन दारात उभी राहिली आहे, आणि पावतीचा प्रेक्षकाला पत्ताही नाही. सुधीर विचारतो, "ती अजून तुझ्याकडेच आहे ना?" प्रेक्षक बेलाशक समजतो की मावशीच्या मुक्कामाबद्दल बोलणे चालले आहे. लिंग जुळते, वचन जुळते आणि प्रसंगही जुळतो. पुढच्या ओळीत "होती तिथे परत ठेवली" येते आणि तो अडखळतो, कारण मावशीला कोणी ठेवत नाही. म्हणजे 'ती' दुसरेच काही आहे, हे त्याला उशिरा कळते. तोवर तिसरी ओळ येते, "तिला सांगितलंस?", आणि ही 'ती' मात्र खरोखरच मावशी आहे. चौथ्या ओळीतल्या 'त्यांना' ने तर आपण अजून न पाहिलेला कोणी आदरणीय माणूस आत येतो. चार ओळींत तीन निरनिराळे संदर्भ आहेत, आणि त्यांतला एकच पक्का आहे.

नुसते लोंबकळणारे सर्वनाम त्या मानाने बरे, कारण ते वाचताना खटकते. चुकीच्या नामाला जाऊन चिकटलेले सर्वनाम खटकत नाही, म्हणून ते चित्रीकरणापर्यंत टिकते. मराठीत तर नपुंसकलिंगी वस्तूचे 'ते' आणि आदरार्थी माणसाचे 'ते' एकाच रूपाचे असल्याने हा धोका आणखी वाढतो. तेव्हा यादीतल्या प्रत्येक सर्वनामापाशी थांबून "याला नाम आहे का?" एवढेच विचारणे पुरत नाही. नव्या क्रमात याच लिंगाचे आणि वचनाचे सर्वांत जवळचे नाम कोणते आहे, हे बघावे. ते तुम्हाला अभिप्रेत असलेले नसेल, तर वाक्य बदलावे.

आणखी एक पाहा. तुमच्या दृश्यशीर्षकांत आता सकाळ, दिवस, रात्र असा सुरळीत क्रम आला आहे. त्यामुळे प्रेक्षक ही रात्र त्याच दिवशीची समजणार, आणि शीर्षकांकडे बघून तुम्हालाही काही बिघडल्याचे जाणवणार नाही.

जुना_प्रॉम्प्टर

मी हौशी रंगभूमीवर बरीच वर्षे काम करतो. आमच्या एका दोन अंकी नाटकात तालमींच्या मधोमध दुसऱ्या अंकातला एक प्रवेश पहिल्या अंकात आणला गेला, तेव्हा सर्वनामे लेखकाने नीट सुधारून दिली होती. राहून गेले ते 'तुम्ही' आणि 'तू'. घरमालक आणि भाडेकरू मुलगी सुरुवातीला एकमेकांना 'अहो-जाहो' करतात, आणि मुलीच्या आजारपणानंतर तो तिला 'अगं' म्हणू लागतो. पुढे आणलेल्या प्रवेशात तो तिला 'अगं' म्हणत होता, आणि त्याच्यानंतरच्या प्रवेशात परत 'अहो' म्हणत होता. प्रेक्षकांना वाटले की दोघांत मध्येच काही बिनसले असावे. कोणी कोणाला कधीपासून एकेरी हाक मारू लागले, हाही संदर्भच आहे असे मला वाटते, आणि तो कुठल्याही शोधयादीत सापडणार नाही.

दुसरे असे की, पाठ झालेल्या नटाच्या तोंडून जुनेच सर्वनाम येते. 'ती' चे 'पावती' करायचे असेल, तर केवळ शब्द बदलून भागत नाही. ती ओळ पुरेशी वेगळी लिहिली, म्हणजे जुनी चाल मोडते.

मृण्मयी_ल

दिग्दर्शकांशी बोलणे झाले. त्यांना गतकाळातले दृश्य नको आहे. घटनाच नव्या क्रमाने घडतात, म्हणजे दुपारच्या भांडणाच्या वेळी पावती कोणालाच सापडलेली नाही आणि ती त्याच रात्री सापडते.

'तू' आणि 'तुम्ही' यांबद्दल आपण लिहिलेत ते फार मोलाचे आहे. नंदा आणि पतसंस्थेचा वसुली अधिकारी यांच्यात असाच बदल होतो, तो मी तपासून पाहते.

दृश्यांतर

म्हणजे निर्णय झाला. आता दृश्य १४ मधल्या त्या चार ओळींमध्ये शब्द बदलून काही साधणार नाही, कारण ज्या गोष्टीबद्दल त्या बोलतात ती अजून घडलेलीच नाही. घटनांचा क्रम तोच राहिला असता, तर "तो कागद अजून तुझ्याकडेच आहे ना?" एवढ्याने काम झाले असते. 'कागद' पुल्लिंगी असल्याने मावशी बाजूला झाली असती, कागद कसला ही उत्सुकताही टिकली असती, आणि पुढे 'ठेवली' चे 'ठेवला' करावे लागले असते. दृश्य ११ मागच्या रात्रीचे आहे हे मात्र प्रेक्षकाला दिसेल अशा एखाद्या खुणेने सांगावे लागले असते.

आता दुसरा रस्ता. भांडणात पावतीच्या जागी अशी वस्तू आणा, जी आधीपासून घरात आहे आणि जिच्यामुळे पुढे पावती सापडू शकते. मी असे करून पाहिले:

सुधीर: अण्णांच्या ट्रंकेची किल्ली तू कधीपासून जवळ ठेवायला लागलीस?
नंदा: त्यांनीच दिली.
सुधीर: उघडून पाहिलीस?
नंदा: नाही. त्यांना विचारल्याशिवाय नाही उघडणार.

अण्णांचे नाव पहिल्याच ओळीत आल्याने पुढचे 'त्यांनी' आणि 'त्यांना' दोन्ही पक्के झाले. "उघडून पाहिलीस?" मध्ये ट्रंकेचे नाव गाळले आहे, तरी घोटाळा होत नाही, कारण किल्लीही स्त्रीलिंगी असली तरी ती कोणी उघडत नाही. मावशीचा उल्लेख मी काढला. त्याच ओळीत तिची गरज असेल, तर 'मावशीला' असे स्पष्ट म्हणावे, 'तिला' नको.

दृश्य ११ चे पहिले वाक्य आता असे लिहिता येईल: "घरातले दिवे मालवले आहेत. नंदा अण्णांच्या खोलीचे दार आतून लावून घेते. तिच्या मुठीत ट्रंकेची किल्ली आहे." इथला 'तिच्या' निर्धोक आहे, कारण खोलीत दुसरी स्त्री नाही. विचारल्याशिवाय उघडणार नाही असे दुपारी म्हणालेली नंदा रात्री अण्णा झोपेत असताना ट्रंक उघडते, हा तिच्या स्वभावाचा नवा धागा त्यातून आपोआप निघतो. तो तुम्हाला हवा आहे का, हे मात्र तुम्हीच ठरवा.

राहिली ठिकाणे शोधण्याची गोष्ट. जागा बदललेल्या दृश्यात लेखक डोळ्यांत तेल घालून बघतो. जागेवरच राहिलेली दृश्ये तो बघत नाही, आणि बिघाड तिथेच राहतो. दृश्य २१ हलले नाही, पण "सुधीरला मी तेव्हाच दाखवली होती" हे विधान आता खोटे ठरले आहे. म्हणून मी प्रत्येक दृश्यासाठी कार्डावर दोनच ओळी लिहितो. हे दृश्य प्रेक्षकाला काय माहीत आहे असे धरून चालते, ही पहिली ओळ; आणि हे दृश्य त्याला नवे काय सांगते, ही दुसरी. मग कार्डे नव्या क्रमाने मांडून पहिल्या ओळीतली प्रत्येक बाब आधीच्या कुठल्या तरी कार्डाच्या दुसऱ्या ओळीत आहे का, ते शेवटच्या दृश्यापर्यंत बघत जातो. पात्रांना काय माहीत आहे, याची तिसरी ओळ रहस्यकथेत लागते. तुमच्या पटकथेत ती सुधीरपुरती पुरेल.

शेवटी जुना मसुदा न वाचलेल्या माणसाकडून नवा मसुदा मोठ्याने वाचून घ्या, आणि दर सर्वनामापाशी "कोण?" असे विचारा. हे काम स्वतः करू नये, कारण आपल्या डोक्यात जुना क्रम बसलेला असतो आणि तो गाळलेली नामे गुपचूप भरून काढतो.

संकलक_ठाणे

थोडी भर घालतो. हाच बदल चित्रीकरण झाल्यावर संकलनात सुचला, तर नवा संवाद लिहिण्याची मुभा नसते. तेव्हा बोलणाऱ्याची पाठ दिसते किंवा ऐकणाऱ्याचा चेहरा पडद्यावर असतो, अशा जागी डबिंगमध्ये नाम घालता येते. चेहरा जवळून दिसत असेल, तर 'ती' च्या जागी 'पावती' बसत नाही, कारण एका अक्षराच्या वेळात तीन अक्षरे मावत नाहीत आणि 'प' ला मिटणारे ओठ स्पष्ट दिसतात. अशा वेळी मी सर्वनामाला हात लावत नाही, तर त्याच्या आधी त्या वस्तूचे एखादे चित्र घालतो. ट्रंकेवर ठेवलेल्या कागदाचे दोन सेकंदांचे दृश्य मिळाले, तरी 'ती' ला आधार मिळतो. म्हणून चित्रीकरणाच्या वेळी महत्त्वाच्या वस्तूंची स्वतंत्र दृश्ये टिपून ठेवावीत, असे मी दिग्दर्शकांना आवर्जून सांगतो.

वाटाड्या

वर्णन आणि संवाद यांतला फरक पटला. तरीही श्रुतिकेसारख्या केवळ श्राव्य माध्यमात माझाच नियम लागू राहील असे मला वाटते. तिथे वस्तूचे चित्र घालण्याची सोय नाही, त्यामुळे सर्वनामाचा आधार शब्दांतूनच द्यावा लागतो.

जुना_प्रॉम्प्टर

श्रुतिकेतही आवाजाने खूप काही सांगता येते. ट्रंकेचे झाकण करकरले, की 'ती' कोण हे ऐकणाऱ्याला उमगते. दर ओळीत नाव घेण्याची तिथेही गरज पडत नाही, असा माझा अनुभव आहे.

मृण्मयी_ल

कार्डे मांडून पाहिली. दृश्य १६ मध्ये मावशी "त्या रात्रीपासून नंदा गप्पच आहे" असे म्हणते. जुन्या क्रमात 'ती रात्र' मावशी येण्याच्या आधीची होती, त्यामुळे मावशीला ते कसे ठाऊक, हा दोष मुळातच होता. नव्या क्रमात मावशी त्या रात्री घरातच आहे, तेव्हा ते वाक्य आता खरे ठरते. वसुली अधिकाऱ्याच्या दृश्यांत 'तुम्ही' आणि 'तू' यांचा क्रम बिघडलेला नाही.

दृश्य २१ मात्र अडले आहे. "तरी तो गप्प राहिला" या आरोपावर पुढची सगळी कोर्टाची दृश्ये उभी आहेत, आणि आता नंदाने सुधीरला पावती दाखवल्याचे पटकथेत कुठेच नाही.

दृश्यांतर

मला दोन वाटा दिसतात. ११ आणि २१ यांच्या दरम्यान नंदा सुधीरला पावती दाखवते असे अर्ध्या पानाचे दृश्य लिहावे, आणि मग "तेव्हाच" ऐवजी "दुसऱ्याच दिवशी" म्हणावे. किंवा ते दृश्य लिहूच नये आणि वकिलांसमोरचे वाक्य आहे तसे ठेवावे. नंदा खोटे बोलते आहे, हे मग फक्त प्रेक्षकाला कळेल.

संकलक_ठाणे

दुसरी वाट धोक्याची आहे. दुपारच्या भांडणात पावती नव्हती, हे प्रेक्षकाला दृश्य २१ पर्यंत लख्ख आठवत असेल, तरच तो त्याला खोटे समजेल. नाहीतर त्याला ती पटकथेतली चूक वाटेल. मी पहिली वाट धरीन.

दृश्यांतर

तो धोका खरा आहे, पण वकिलांच्या त्या दृश्यात सुधीरही हजर असेल आणि त्याने नुसते मान वर करून नंदाकडे पाहिले, तर तो टळू शकतो. मृण्मयीताई, दृश्य २१ मध्ये सुधीर आहे का?

मृण्मयी_ल

सध्याच्या मसुद्यात नाही. त्याला तिथे आणले, तर दृश्य २३ मध्ये वकील त्याला फोनवर "तुमच्या बहिणीने मला सगळे सांगितले आहे" असे म्हणतात, ते बदलावे लागेल. दोन्ही प्रकारे लिहून दिग्दर्शकांना दाखवते.